कॅरोसेलखालची पहिली ओळ

जळगावातल्या एका भरीत केंद्राचे इन्स्टाग्राम खाते मी गेल्या हिवाळ्यापासून सांभाळते. भरिताचे वांगे कसे निवडावे, हे सांगणारे सात स्लाइडचे कॅरोसेल, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक फोटोंची एकच पोस्ट, आम्ही तयार केले, तेव्हा स्लाइडवरच्या मजकुरावर केंद्राचे मालक आणि मी भरपूर वेळ दिला होता. पहिल्या स्लाइडवर ‘भरिताचं वांगं ओळखायच्या पाच खुणा’ असे शीर्षक होते. पुढच्या पाच स्लाइडवर रंग, वजन, देठ, साल आणि अळीचे छिद्र अशी एकेक खूण, मोठ्या फोटोवर आठ-दहा शब्दांत. शेवटच्या स्लाइडवर केंद्राचा पत्ता आणि वेळ. फोटो उत्तम आले होते. उरले होते फक्त कॅप्शन, आणि ते मालकांच्या पुतण्याने आधीच लिहून पाठवले होते.

त्या कॅप्शनची सुरुवात अशी होती: ‘नमस्कार मंडळी! हिवाळा आला की खान्देशात घरोघरी भरिताचा बेत ठरतो आणि म्हणूनच आज आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत भरिताचं वांगं ओळखायच्या पाच सोप्या खुणा.’ त्याखाली पाचही खुणा क्रमाने, स्लाइडवरच्याच शब्दांत उतरवलेल्या होत्या. मजकुरात काहीही चुकीचे नव्हते, आणि मुलाने तो मनापासून लिहिला होता. परंतु ज्याने स्लाइड पाहिल्या, त्याला या कॅप्शनमध्ये नवे काही मिळत नव्हते. आणि ज्याने पाहिल्या नाहीत, त्याला स्लाइड पाहण्याचे कारण उरत नव्हते, कारण सगळे खाली लिहिलेलेच होते. कॅरोसेल आणि कॅप्शन एकमेकांना मदत करण्याऐवजी एकमेकांची जागा घेत होते.

मी सुरुवात पहिल्या ओळीपासून केली, कारण फीडमध्ये तेवढीच दिसते. कॅप्शनची एकूण मर्यादा २,२०० अक्षरांची असली, तरी वाचक पोस्टपाशी येतो तेव्हा त्याच्यासमोर साधारण दोन ओळी उघड्या असतात आणि पुढचे सारे ‘आणखी’च्या मागे दडलेले असते. पहिली १२५ अक्षरे दिसतात, असा आकडा या कामात सर्रास सांगितला जातो, आणि मीही तो अंदाजापुरता वापरते. मात्र त्यावर विसंबून मराठी कॅप्शन लिहिता येत नाही. फीडमध्ये खात्याचे नाव त्याच ओळीत कॅप्शनच्या आधी येते, म्हणजे नाव लांब असेल तर पहिल्या ओळीचा मोठा भाग तेच खाते. वाचकाने फोनवरची अक्षरे मोठी करून ठेवली असतील, तर आणखी कमी दिसते. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे अक्षरे मोठी करूनच फोन वापरतात, आणि भरिताचे खरे जाणकार तीच आहेत.

शिवाय देवनागरीची मोजणी निराळी होते. ‘वांग्या’ हा शब्द आपण दोन अक्षरांचा म्हणून वाचतो. संगणक मात्र त्यात व, काना, अनुस्वार, ग, हलन्त, य आणि पुन्हा काना अशी सात चिन्हे मोजतो. त्यामुळे अक्षरे मोजणाऱ्या साधनात आकडा फुगलेला दिसतो आणि पडद्यावर ओळ त्या मानाने आखूड असते. उलट रुंद जोडाक्षरे भरपूर असली, तर तेवढ्याच आकड्याची ओळ अधिक जागा घेते. म्हणून मी आकडा एका बाजूला ठेवते आणि फोनवर पाहते. त्यासाठी माझे एक खासगी खाते आहे. त्यावर हेच फोटो आणि हेच कॅप्शन टाकायचे, आणि आपल्या फोनवर व घरातल्या कुणाच्या तरी लहान पडद्याच्या फोनवर ते फीडमध्ये कुठे तुटते, ते बघायचे. पुतण्याचे कॅप्शन माझ्या फोनवर ‘आज आम्ही तुमच्यासाठी’पाशी तुटले. म्हणजे उघड्या दोन ओळींत नमस्कार होता, हिवाळा होता, खान्देश होता, आणि वांगे कुठेच नव्हते.

इथे मराठी वाक्याच्या घडणीचाही प्रश्न येतो, आणि माझ्या मते हाच या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘हिवाळा आला की’, ‘जेव्हा आपण बाजारात जातो’, ‘ज्या वांग्याला’ अशी सुरुवात केली, की वाक्याचा खरा अर्थ शेवटच्या दोन-तीन शब्दांत येऊन पडतो, आणि कात्री नेमकी तिथे लागते. वाचकाला अर्धे वाक्य दिसले की उत्सुकता वाटून तो ‘आणखी’वर बोट ठेवील, अशी अनेकांची समजूत असते. माझा अनुभव तसा नाही. तुटलेल्या वाक्यात क्रियापदच नसेल, तर वाचकाला कशाबद्दल उत्सुक व्हायचे तेच कळत नाही. त्यामुळे मी पहिले वाक्य क्रियापदासह उघड्या भागातच संपवते. त्या वाक्याने एक पुरते विधान करावे आणि त्या विधानातून प्रश्न निर्माण व्हावा; वाक्य अर्धे ठेवून प्रश्न निर्माण करू नये.

मग ते विधान कोणते? पहिल्या स्लाइडवरचे शीर्षक सांगत होते की इथे पाच खुणा मिळतील. पहिल्या ओळीने तेच पुन्हा सांगितले असते, तर वाचकाच्या नजरेत एकाच वेळी एकच गोष्ट दोनदा आली असती, कारण फोटो आणि कॅप्शनची पहिली ओळ यांत बोटभराचेच अंतर असते. शीर्षक ‘काय’ सांगत असेल, तर ओळीने ‘कशासाठी’ सांगावे, असा माझा साधा हिशेब असतो. माणूस वांग्याच्या खुणा कशासाठी शोधेल? एवढा खटाटोप करून केलेले भरीत बिघडले म्हणून. तेव्हा मी लिहिले: ‘भरीत कडवट झालं, तर दोष भाजण्याचा नसतो, वांग्याचा असतो.’

ओळ मला आवडली होती. मी ती मालकांना वाचून दाखवली, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, हे अर्धंच खरं आहे. कपाशीच्या पळकाट्यांवर वांगं भाजलं आणि जळकी साल आत राहिली, तर चांगलं वांगंही कडू लागतं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्यांदा हेच होतं.” मी म्हटले, “भाऊ, मग साल काढल्यावरही कडू लागलं तर?” ते म्हणाले, “तर मग वांगंच जून. त्यात शंका नाही. बहुतेक वेळा तरी.”

त्यांच्या बोलण्यातूनच ओळ तयार झाली: ‘साल नीट काढूनही भरीत कडवट लागलं, तर दोष बहुधा वांग्याचा असतो.’ संगणकाच्या मोजणीत, जागा आणि विरामचिन्हे धरून, ही ६१ चिन्हे होतात. जागा आणि विरामचिन्हे तशीच धरून डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजली तर ४३. खात्याचे नाव पुढे लागूनही ती दोन्ही फोनवर पूर्ण दिसली. ‘बहुधा’ हा शब्द काढला असता तर ओळ अधिक ठसठशीत झाली असती, हे मला दिसत होते. पण ज्या गावात प्रत्येक घरात भरीत होते, तिथे अतिशयोक्त विधानाखाली पहिली टिप्पणी ते खोडून काढणारीच येते, आणि ती खरी असते. शिवाय ‘साल नीट काढूनही’ या तीन शब्दांनी एक काम आपोआप झाले: भरीत करणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे वाचकाला कळले.

या ओळीची आणखी एक परीक्षा मी घेते. एखाद्याने कॅरोसेल पाहिले पण पुढे सरकवले नाही, तर इन्स्टाग्राम कधी कधी तेच कॅरोसेल त्याला पुन्हा दाखवताना दुसऱ्या स्लाइडपासून सुरू करते. त्या वेळी शीर्षकाची स्लाइड वाचकासमोर नसते. आमच्या बाबतीत फिकट हिरव्या वांग्याचा जवळून घेतलेला फोटो आणि रंगाबद्दलचे वाक्य असते. ‘वरच्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या स्लाइडवर’ किंवा ‘या पाच खुणा लक्षात ठेवा’ अशी ओळ त्या फोटोखाली अधांतरी राहते. म्हणून मी प्रत्येक पहिली ओळ दुसऱ्या स्लाइडच्या फोटोखाली ठेवूनही वाचून पाहते. कडवटपणाची ओळ वांग्याच्या कोणत्याही फोटोखाली चालत होती. ती शीर्षकावर टेकलेली नव्हती.

पहिल्या ओळीनंतर मी एक ओळ मोकळी सोडते. मोकळी ओळही उघड्या भागातली जागा घेते, त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदाचे दोन तुटके शब्द पहिल्या ओळीला चिकटून दिसत नाहीत. पुढचा मजकूर लिहिण्याआधी मात्र थांबावे लागते, कारण स्लाइडवरच्या गोष्टी पुन्हा सांगायच्या नाहीत असे ठरवल्यावर मग सांगायचे काय, हा प्रश्न खरोखर उभा राहतो. मी एका कागदावर सातही स्लाइडचा मजकूर एकाखाली एक लिहून काढला आणि प्रत्येकीसमोर, गिऱ्हाईक याच्यापुढे काय विचारील, ते लिहिले. त्यासाठी मालकांना विचारणे हाच मार्ग होता, कारण दुकानात उभे राहून प्रश्न ते ऐकतात.

रंगाच्या स्लाइडसमोर काही उरले नाही. फोटोतच सगळे होते. छिद्राच्या स्लाइडचेही तसेच. तिसऱ्या स्लाइडवर मात्र अडलो. तिथे लिहिले होते: ‘आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्या. हलकं म्हणजे बिया कमी.’ मालक म्हणाले, “यावर लोक फसतात. दोन दिवस ठेवलेलं वांगंही हलकंच होतं. त्यातलं पाणी उडून जातं.” मग हलके वांगे कोवळे म्हणून हलके की शिळे म्हणून हलके, हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर चौथ्या आणि पाचव्या स्लाइडवर होते: देठ हिरवा आणि ताजा असावा, साल ताणलेली व चकचकीत असावी. म्हणजे वजनाची खूण एकटी अपुरी होती. ती देठाच्या आणि सालीच्या खुणेसोबतच खरी ठरत होती. आणि हे कोणत्याही एका स्लाइडवर मावणारे नव्हते, कारण प्रत्येक स्लाइड एकच खूण सांगत होती.

माझ्या दृष्टीने कॅप्शनचे खरे काम इथे आहे. स्लाइड गोष्टी सुट्या करून दाखवते. एका चौकटीत एक मुद्दा, मोठ्या अक्षरांत. त्या सुट्या गोष्टींमधला संबंध, त्यांतला विरोध, एकीला दुसरीने घातलेली अट, यांना लागोपाठ येणारी वाक्ये लागतात, आणि ती वाक्ये लिहायला कॅप्शन ही योग्य जागा आहे. पाचही खुणांवर थोडे थोडे लिहिण्याचा मोह मी सोडला आणि सगळे कॅप्शन या एका अटीभोवती रचले. ते असे झाले:

‘साल नीट काढूनही भरीत कडवट लागलं, तर दोष बहुधा वांग्याचा असतो.

वांगं झाडावर जास्त दिवस राहिलं की बिया पक्क्या होतात, आणि कडवटपणा त्यांच्याबरोबर येतो. मिरची-लसूण वाढवून तो झाकला जात नाही. म्हणून आमच्याकडे वांगी आली की पहिली निवड हाताने होते: सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत घ्यायची आणि हलकं लागेल ते बाजूला काढायचं.

पण लगेच घेऊ नका. शिळं वांगंही हलकंच लागतं. देठ हिरवा असेल आणि साल कुठेही सुरकुतलेली नसेल, तरच त्या हलकेपणावर भरवसा ठेवा. देठाचा फोटो म्हणूनच एवढ्या जवळून काढला आहे. पुन्हा एकदा पाहा.

तुमच्या घरी वांगं कोण निवडतं, आणि कशावरून?’

‘देठाचा फोटो’ असे लिहिण्यामागे कारण आहे. सुरुवातीला मी ‘चौथी स्लाइड पाहा’ असे लिहिले होते. परंतु प्रकाशित झालेल्या कॅरोसेलमधून एखादी स्लाइड काढता येते, आणि तशी वेळ आली तर क्रमांक चुकतो. वस्तूचे नाव चुकत नाही. वाचकाला क्रमांक मोजतही बसावे लागत नाही.

मालकांची एक इच्छा मात्र राहिली होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते पहिल्या ओळीत यावे असे त्यांना वाटत होते. त्यांचा अभिमान रास्त आहे. बामणोद आणि आसोद्याच्या वांग्यांचे नाव काढले की इकडच्या माणसाचा आवाज बदलतो. परंतु इथल्या वाचकाला ते मानांकन सिद्ध करून दाखवावे लागत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते तेव्हा महत्त्वाचे वाटते, जेव्हा त्याला आधी वांग्यात रस निर्माण झालेला असतो. पहिल्या ओळीत ते आले असते, तर ती केंद्राबद्दलची ओळ झाली असती. आम्हाला ती भरीत करणाऱ्याबद्दलची हवी होती. त्या माहितीसाठी स्वतंत्र पोस्ट करायचे ठरले, आणि मालकांनी ते मान्य केले.

एका ठिकाणी मी स्लाइडवरचा मजकूर मुद्दाम पुन्हा लिहिला. केंद्राचा पत्ता आणि वेळ शेवटच्या स्लाइडवर होती, पण फोटोतली अक्षरे ही केवळ चित्र असतात. पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वाचकाला ती ऐकू येतील याचा भरवसा नसतो. प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे त्या साधनाला वाचता येणारे फोटोचे वर्णन, जोडता येते, आणि ते मी जोडतेच. तरीही ज्या माहितीवाचून माणूस दुकानापर्यंत पोहोचू शकत नाही, ती कॅप्शनमध्ये अक्षरांत असलीच पाहिजे. म्हणून सर्वांत शेवटी पत्ता, वेळ आणि ‘जळगाव’, ‘भरिताची वांगी’ हे शब्द साध्या वाक्यात आले. दुवा मात्र टाकला नाही, कारण कॅप्शनमधल्या दुव्यावर बोट ठेवून कुठे जाता येत नाही. तो खात्याच्या परिचयात ठेवला.

पोस्ट गेल्यावर कॅप्शन किती जणांनी उघडले, हे समजण्याची सोय नाही. इन्स्टाग्राम पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी जपून ठेवली, किती जणांनी पुढे पाठवली, हे दाखवते. ‘आणखी’वर किती बोटे पडली, ते दाखवत नाही. त्यामुळे मी एक गोष्ट जाणूनबुजून फक्त दडलेल्या भागात ठेवते, आणि टिप्पण्यांमध्ये तिचा मागोवा घेते. इथे ती गोष्ट होती शिळ्या वांग्याचा हलकेपणा. ती कोणत्याही स्लाइडवर नव्हती. टिप्पण्या येऊ लागल्या, तेव्हा ‘छान माहिती’ लिहिणाऱ्यांनी काय वाचले ते सांगता येत नव्हते. पण नाशिकच्या एका ताईंनी विचारले, “फ्रिजमध्ये ठेवलेलं वांगं हलकं होतं का? म्हणजे मग ते शिळं धरायचं का?” हा प्रश्न खालपर्यंत वाचल्याशिवाय सुचू शकत नाही. सावद्याच्या एका वाचकाने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना लिहिले की त्यांची आई वांग्याला बोटाने दाबून पाहते आणि खड्डा भरून आला नाही तर परत ठेवते.

नाशिकच्या ताईंना मालकांनी स्वतः उत्तर सांगितले आणि मी ते लिहिले: पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या वांग्यातले पाणी लवकर उडत नाही, उघडे ठेवलेले मात्र सुरकुतते, तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा साल पाहावी. त्यानंतर कॅप्शनमध्ये मी एकच बदल केला. ‘शिळं वांगंही हलकंच लागतं’ याच्या पुढे ‘फ्रिजमध्ये उघडं ठेवलेलंही’ एवढे जोडले. पहिल्या ओळीला हात लावला नाही. बोटाने दाबून पाहण्याची खूण मी वहीत वेगळी लिहून ठेवली आहे. पुढच्या कॅरोसेलमध्ये ती स्लाइडवर जाईल की कॅप्शनमध्ये, हे दाबलेल्या वांग्याचा फोटो नीट येतो की नाही यावर ठरेल.